मेसच्या पाटीमागचा हिशेब

जून-जुलै उजाडला की आमच्या वसतिगृहाचा फोन दोन कारणांसाठी वाजतो. एक म्हणजे खोली कुठली मिळाली आणि दुसरे म्हणजे जेवायला काय देता. कॉलेजात मराठी शिकवते, पण गेली काही वर्षे मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन म्हणूनही काम पाहते. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे मला तोंडपाठ झाली आहेत. खानापूर, निपाणी, संकेश्वर, पलीकडचे चंदगड अशा चारी बाजूंनी मुली येतात आणि प्रत्येक घरची चव वेगळी. मेसच्या भिंतीवर आठवड्याची पाटी लागली की मुली ती घरी कळवतात आणि मग फोन सुरू होतात. "मॅडम, आठवड्यातनं चारदा उसळ?" "नाश्त्याबरोबर चहा का देत नाही ओ? पोरीला चहाशिवाय घास उतरत नाही." "दूध रात्री साडेनऊला कशाला? जेवणातच का वाढत नाही?"

प्रत्येकाला फोनवर सांगून घसा बसायचा, म्हणून यंदा पालकांना एक पत्रच लिहिले. ते वाचून एका पालकांनी सुचवले की हे वसतिगृहापुरते कशाला ठेवता, घरात वयात आलेली मुलगी असलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल. म्हणून या वेळच्या सदरात तेच पत्र थोडे ऐसपैस करून देत आहे.

सप्रेम नमस्कार.

मेसची पाटी करताना आम्ही अनेक गोष्टी पाहतो. खर्च पाहतो, आचाऱ्यांची सोय पाहतो, मुलींची आवड पाहतो. पण त्या पाटीचा कणा एकच आहे आणि तो म्हणजे लोह. प्रथिने, कॅल्शियम वगैरे महत्त्वाचे नाही असे नव्हे. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध असे रोज पोटात गेले तर प्रथिनांची गरज बहुतेक भागते. लोहाचे तसे नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी शंभरात 59 मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे आमच्या एका खोलीत तीन मुली राहत असतील तर त्यातल्या एकीदोघींचा प्रश्न आहे असे धरूनच मेस चालवावी लागते.

आता हे लोह लागते किती आणि जाते कुठे, हा हिशेब एकदा नीट मांडते. तो कळला की पाटीवरचे बाकी सगळे आपोआप उलगडेल.

आपल्या शरीरातून रोज थोडेथोडे लोह जातच असते. कातडीच्या, आतड्याच्या पेशी झडतात, त्यांच्याबरोबर ते जाते. मोठ्या मुलीच्या बाबतीत हे रोज साधारण 0.8 मिलिग्रॅम धरतात. त्यात पाळीची भर पडते. एका पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते आणि एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे महिन्याला 17-18 मिलिग्रॅम लोह गेले. तीस दिवसांवर वाटले तर रोजचा अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा जास्त. दोन्ही मिळून रोज 1.4 मिलिग्रॅम. एवढे रोज रक्तात परत यायला हवे, नाहीतर साठा खाली जाऊ लागतो. पाळी जास्त जाणाऱ्या मुलीचा आकडा याहून मोठा असतो, हे आयांनी लक्षात घ्यावे, कारण ही गोष्ट मुली आम्हाला सांगत नाहीत.

दीड मिलिग्रॅम ऐकून वाटते, मग त्यात काय अवघड आहे? अवघड हे आहे की आपण खातो त्यातले फार थोडे लोह रक्तात शिरते. धान्य, कडधान्य, भाजी यांतले लोह आतड्याला सहजासहजी सापडत नाही. धान्या-कडधान्यांत फायटेट नावाचा एक घटक असतो, तो लोहाला घट्ट धरून ठेवतो. चहातले तुरट द्रव्य तेच करते. आपल्यासारख्या जेवणातून शंभरात पाच ते आठ भाग लोह आत जाते आणि बाकीचे तसेच बाहेर पडते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली जे प्रमाण ठरवले, त्यात बाईसाठी रोज 29 मिलिग्रॅम आणि 16 ते 18 वयाच्या मुलीसाठी 32 मिलिग्रॅम असे मोठे आकडे आहेत. जवळजवळ सगळ्या मुलींना, अगदी जास्त पाळी जाणाऱ्यांनाही, पुरावे असा तो आकडा आहे. सरासरी मुलीची गरज त्याच्या निम्म्याच्या आसपास असते.

आता आमच्या पाटीवरचा एक मंगळवार घेऊ. आकडे त्याच हैदराबादच्या संस्थेच्या 2017 सालच्या तक्त्यांवरून, थोडे गोळाबेरीज करून घेतले आहेत.

सकाळी पोहे. साठ ग्रॅम कोरडे पोहे आणि त्यात मूठभर शेंगदाणे. यातून तीन मिलिग्रॅम. दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ, थोडा भात, कांदा आणि कोबीची कोशिंबीर. दोन भाकऱ्यांचे एकशेवीस ग्रॅम पीठ साडेचार मिलिग्रॅमहून थोडे जास्त देते, पस्तीस ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ पावणेतीन देते आणि भात जवळजवळ काहीच देत नाही. दुपारचे आठ झाले. संध्याकाळी सहाला फुटाणे आणि गुळाचा खडा, त्याचे दोन. रात्री तीन चपात्या, मेथीची भाजी, तुरीचे वरण आणि भात. मेथी चांगली भरपूर वाढली तर एकटी चार देते, सगळे मिळून नऊ. दिवसाची बेरीज 22 मिलिग्रॅम.

या बावीसातले शंभरी पाच रक्तात गेले तर 1.1 मिलिग्रॅम मिळाले. लागतात 1.4. म्हणजे ताट भरून जेवूनही मुलगी रोज तोट्यात. तेच बावीस, पण शंभरी आठ आत गेले तर पावणेदोन मिलिग्रॅम मिळाले आणि मुलगी फायद्यात. ताट तेच, पदार्थ तेच, आचारी तेच. फरक फक्त त्या ताटाबरोबर काय खाल्ले आणि कशाबरोबर काय टाळले याचा. आमच्या मेसचे सगळे नियम या पाच आणि आठच्या मधल्या जागेसाठी आहेत.

पहिला नियम चहाचा, ज्यावरून सर्वांत जास्त फोन येतात. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर त्या जेवणातले लोह शोषले जाण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटू शकते. चहात दूध घातले म्हणून हे टळत नाही. मात्र चहा एक तासाने घेतला तर अडथळा बराच कमी होतो. म्हणून आमच्याकडे नाश्ता पावणेआठला आणि चहा पहिल्या तासानंतरच्या सुटीत, नऊच्या सुमारास. दुपारचा चहा साडेचारला, सोबत चिरमुरे किंवा दोन बिस्किटे, कारण तिथे हरवण्यासारखे लोह नसतेच. फुटाणे आम्ही मुद्दाम त्या चहाशेजारी ठेवत नाही, ते सहाला. चहा बंद केलेला नाही हे कृपया ध्यानात घ्यावे. चहाशिवाय आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशीसुद्धा कामाला हात लावत नाहीत. आम्ही फक्त त्याला जेवणापासून लांब बसवले आहे.

दूध साडेनऊला देण्याचे कारणही तेच. कॅल्शियम लोहाच्या वाटेत थोडे आडवे येते. चहाइतके नाही, पण येते. मुलींना दूधही हवे, हाडे याच वयात भरतात. मग दोघांची गाठ कशाला घालायची? रात्रीचे जेवण पावणेआठला उरकते, दूध दीड-दोन तासांनी. दह्याचा वार आम्ही गुरुवार ठेवला आहे, कारण त्या दिवशी दुपारी भात-आमटी असते, उसळ नसते.

दुसरी गोष्ट आंबटाची. क जीवनसत्त्व त्याच घासाबरोबर पोटात गेले तर ते लोहाला फायटेटच्या तावडीतून सोडवते. 'त्याच घासाबरोबर' हे महत्त्वाचे. सकाळी आवळा खाल्ला आणि दुपारी उसळ खाल्ली तर आवळ्याचा उसळीला उपयोग नाही. लिंबाची फोड प्रत्येक ताटात असते ती चवीपुरती नाही. पण खरे सांगायचे तर अर्ध्या लिंबाच्या रसातून क जीवनसत्त्व पाच-सात मिलिग्रॅमच मिळते आणि चांगला फरक पडायला एका जेवणाला पंचवीस ते पन्नास हवे. पेरूची एक चतुर्थांश फोड एकटी पन्नास देते. म्हणून थंडीत पेरू स्वस्त झाला की आम्ही दुपारच्या ताटात पेरूची फोड वाढतो, तिखट-मीठ लावून, जेवणाच्या सुरुवातीलाच. मुली ती खिशात घालून वर्गात नेतात आणि तिथे खातात, तेव्हा ती फोड उसळीच्या कामाची उरत नाही. पेरू नसेल तेव्हा कच्च्या कोबीची कोशिंबीर, उन्हाळ्यात कैरी, डिसेंबरात आवळ्याची ताजी चटणी. मोरावळा मुलींना आवडतो, पण शिजवताना त्यातले क जीवनसत्त्व बरेच जाते, म्हणून त्यावर आमची भिस्त नाही. याच कारणाने पोह्यांवर लिंबू कढई उतरवल्यावर पिळतात, वाफ येत असताना नाही.

मार्च-एप्रिलमध्ये बाजारात लिंबू कडाडते. तेव्हा दीडशे मुलींना दोन वेळा फोड देणे मेसला परवडत नाही. त्या दोन महिन्यांत ताटात लिंबाऐवजी कैरीचा तक्कू दिसेल. चिक्कूपणा म्हणून कुणी मनावर घेऊ नये. कैरी तेच काम करते.

आता उसळ. चारदा उसळ का, याचे उत्तर मोडात आहे. कडधान्य भिजून त्याला मोड आला की त्यातला फायटेट कमी होतो आणि थोडे क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. म्हणजे डाळीपेक्षा मोडाच्या उसळीतले लोह जरा मोकळे असते. दीडशे मुलींसाठी सव्वापाच किलो मटकी लागते. मंगळवारच्या उसळीसाठी ती सोमवारी सकाळी भिजत घालतात, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून पाट्यांत ठेवतात, मंगळवारी सकाळी तिला बोटाच्या पेरापेक्षा लहान मोड आलेले असतात. पावसाळ्यात आपल्याकडे हवा गार असते, तेव्हा आणखी काही तास द्यावे लागतात, नाहीतर मटकी नुसती फुगते आणि मोडच येत नाही. मोड आले की नाही हे मी स्वतः पाहते. मटकी, मूग, हरभरे आणि चवळी अशी पाळी लावलेली आहे, त्यामुळे चारदा असली तरी तीच ती नसते. हरभऱ्याला मोड यायला मटकीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून तो आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी भिजतो.

भाजी लोखंडी कढईत का करतात, असे एका ताईंनी विचारले होते, कारण तिचा रंग काळपट होतो. लोखंडी भांड्यात टोमॅटो, चिंच असे आंबट घालून शिजवले तर कढईचेच थोडे लोखंड पदार्थात उतरते. ते शरीराला चालते. फक्त शिजल्यावर लगेच स्टीलच्या पातेल्यात काढावे लागते. तशीच ठेवली तर भाजी काळी पडते आणि धातूची चव येते, मग मुली हात लावत नाहीत. अंबाडीची भाजी आमच्याकडे हमखास याच कढईत होते. कानडी घरच्या मुली तिला पुंडी म्हणतात आणि भाकरीबरोबर दोनदा मागतात.

बुधवारचे अंडे आणि रविवारचे चिकन यांबद्दल थोडे. अंड्याच्या पिवळ्या बलकात लोह आहे, पण ते फारसे शोषले जात नाही. अंडे आम्ही प्रथिनांसाठी आणि ब-बारा जीवनसत्त्वासाठी देतो. चिकनमध्येही लोह थोडेच, पण मांस आणि मासे सोबतच्या भाकरी-उसळीतले लोह शोषायला मदत करतात. म्हणून रविवारी चिकनबरोबर भाकरीच असते. शाकाहारी मुलींना त्या दिवशी पनीर मागतात, आम्ही छोले देतो. पनीर दुधाचे, त्यात लोह नाही. पनीर महिन्यातून दोनदा आहे, आनंदासाठी.

आता फोनवर येणाऱ्या सूचनांविषयी. बीट द्या म्हणजे रक्त वाढेल, असे निम्मे पालक सांगतात. बिटाचा रंग लाल आहे, एवढेच त्याचे रक्ताशी नाते. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. डाळिंबाचे तर त्याहून कमी. पालकात लोह असते, पण त्यातल्या ऑक्झॅलेटसारख्या द्रव्यांमुळे ते आत जात नाही. त्यापेक्षा मेथी, राजगिरा, लाल माठ बरे. गूळ साखरेपेक्षा बरा हे खरे, पण दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅमही नाही, म्हणून गुळावर पोट भरू नये.

उपवास हा आमच्या पाटीतला अवघड वार. श्रावणातले सोमवार, संकष्टी, मंगळवार, नवरात्र, मुली आवडीने धरतात, त्यांना आम्ही अडवत नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पीठ. साबुदाण्याच्या खिचडीत जे काही आहे ते शेंगदाण्याचे. म्हणून उपवासाला आम्ही राजगिऱ्याचा लाडू किंवा राजगिऱ्याची भाकरी, सोबत शेंगदाण्याची आमटी आणि पेरू किंवा लिंबू ठेवतो. आठवड्यातून दोन-तीन उपवास करणाऱ्या मुलीची बेरीज बावीसच्या खूप खाली राहते, हे आईला माहीत असावे.

एक उदाहरण सांगते, मुलीचे नाव-गाव सोडून. अकरावीला आलेली ही मुलगी जिना चढली की धापा टाकायची, तासाला मान टाकायची. सोबतच्या मुलींनी सांगितले की ती कोरडे तांदूळ खाते, कोठीच्या मावशींकडून ओंजळभर मागून नेते. तांदूळ, खडू, माती, बर्फ खावासा वाटणे हे लोह कमी असण्याचे लक्षण असू शकते. पुष्कळ आया त्याला खोड समजून ओरडतात. डॉक्टरांच्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन 9.6 निघाले. मुलींमध्ये 12 च्या खाली असेल तर कमी मानतात, 11 च्या खाली मध्यम आणि 8 च्या खाली गंभीर. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या.

महिन्याने पुन्हा तपासले तर 9.8. गोळ्या नेमाने घेऊनही हा आकडा हलत नाही, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे किंवा गोळी आत जात नाही. चौकशी केली तेव्हा कळले, रिकाम्या पोटी मळमळते म्हणून ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्यायची आणि एखादे दिवशी राहिली तर रात्री दुधाबरोबर. ताटातली उसळ ती खातच नव्हती, शेजारणीला द्यायची. भात, बटाटा, चहा, बिस्किटे एवढ्यावर दिवस काढायची. तिच्या एका दिवसाची आम्ही बेरीज केली, ती सात मिलिग्रॅमही भरली नाही. मग गोळी दुपारच्या जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची असे ठरले. रिकाम्या पोटी शोषण जास्त होते, पण मळमळीने गोळीच सुटण्यापेक्षा हे बरे, असे डॉक्टर म्हणाले. जंताची गोळीही त्यांनी दिली. उसळ तिला आवडत नव्हती, म्हणून हरभरे भाजीत न घालता चाटसारखे कांदा-टोमॅटो-लिंबू घालून दिले. ते तिने खाल्ले. आणखी दोन महिन्यांनी आकडा 11.5 झाला. तिच्या घरच्यांना वाटले, झाले, आता गोळ्या बंद. डॉक्टरांनी पुढे तीन महिने चालू ठेवल्या, कारण रक्त भरले तरी साठा रिकामाच असतो आणि तो भरायला वेळ लागतो.

हे मुद्दाम सांगितले, कारण मेसकडून किती अपेक्षा ठेवावी याचा त्यात अंदाज येतो. ज्या मुलीचा आकडा बरा आहे, तिचा तो टिकवायचे काम मेस करू शकते. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन 9 वर आले आहे, तिला नुसत्या जेवणाने वर आणायला फार काळ लागेल. तिला गोळीच हवी, आणि ती डॉक्टरांनी दिलेली. गोळ्या सुरू झाल्यावर शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून मुली गोळ्या टाकून देतात. तो रंग न शोषलेल्या लोहाचा असतो. दोन-अडीच महिने गोळ्या नीट घेऊनही आकडा वाढला नाही तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे न्यायला हवे. कधी ब-बारा कमी असते, कधी पाळीचा त्रास असतो, कधी थॅलेसिमियासारखा घराण्यातून आलेला रक्तदोष असतो आणि तिथे लोह देत राहण्यात अर्थ नसतो.

घरून डबा पाठवता, तो जरूर पाठवा. चिवडा, शेव, चकली यांची आमच्या कपाटांत वाण नाही. त्याऐवजी शेंगदाणे-तिळाचे लाडू, हाळिवाचे लाडू, भाजलेले हरभरे, सांडग्यांऐवजी सुक्या मटकीची पुरचुंडी पाठवलीत तर बरे. दहा ग्रॅम हाळीव असलेल्या एका लाडवात पावणेदोन मिलिग्रॅम लोह आहे. गोकाकचे करदंट किंवा आपला कुंदा आला तर मैत्रिणी वाटून खातात, त्याला आमची हरकत नाही. लाडू मात्र चहात बुडवून खाऊ नये, एवढे मुलीला फोनवर सांगावे.

दर सहामाहीच्या सुरुवातीला हिमोग्लोबिनची तपासणी असते. संमतिपत्र या पत्रासोबत जोडले आहे. त्यात तीन ओळी आम्ही नव्याने घातल्या आहेत: पाळी किती दिवस आणि किती जाते, घरात कुणाला रक्ताचा आजार आहे का, आणि मुलगी कुठले उपवास करते. या ओळी वडिलांनी न भरता आईने किंवा मुलीने स्वतः भराव्यात आणि पाकीट बंद करून पाठवावे. ते पाकीट फक्त डॉक्टर आणि मी पाहते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वॉर्डन, मुलींचे वसतिगृह